शब्दवेधी बाणाचा दोष

सज्जनहो, “आमच्या मनात वाईट नव्हते” एवढे म्हटले की आपण सुटलो, असे मनुष्याला वाटते. याविषयी दशरथाची कथा पाहावी. अयोध्याकांडात, राम वनात गेल्यावर सहाव्या रात्री, राजा ती स्वतःच कौसल्येला सांगतो. पावसाळ्याचे दिवस, काळोखी रात्र, शरयूचा काठ. घागर भरल्याचा आवाज झाला. तरुण राजपुत्राला वाटले, हत्ती पाणी पितो आहे. बाण सुटला, आणि लागला आंधळ्या आईबापांच्या एकुलत्या मुलाला.

आता कोणी म्हणेल, अंधारात दिसलेच नाही, मग दोष कसला? आम्ही म्हणतो, दोष न दिसण्यात नाही. दिसत नसताना बाण सोडण्यात आहे. पाणवठ्यावर माणूसही येतो, हे का ठाऊक नव्हते? एक हाक मारली असती तर उत्तर आले असते. पण शब्दवेधी म्हणून लौकिक झाला होता. त्या कौतुकात विचार मागे पडला.

आंधळ्या पित्याचा न्याय पाहा. तो म्हणतो, अजाणता घडले म्हणून तू जिवंत आहेस. जाणून केले असतेस तर रघुकुळच उरले नसते. हेतू पाहून शिक्षा उणी झाली, पण पुत्रशोकाचा शाप टळला नाही.

राजाने एक मात्र केले. तो पळाला नाही. तीच घागर भरून घेऊन गेला व घडले ते आपल्या तोंडाने सांगितले. न सांगता तर मस्तकाची शकले झाली असती, असे तो पिताच म्हणतो. चूक झाल्यावर कबुली एवढीच आपल्या हाती राहते. हाक मात्र बाण सुटण्याआधीच मारायची असते.