आईच्या दागिन्यांची वाटणी

आई गेल्यावर कपाट उघडलं की जुनी भांडणंही बाहेर येतात. कोणाच्या लग्नात किती खर्च झाला, कोणाला शिकवलं. काटोलात घरोघरी हेच. माझं म्हणणं, ते हिशेब धरूच नयेत. आई गेली त्या दिवशी जे होतं, त्याचीच यादी करावी. वडील हयात नसतील आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आईच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी सारखेच.

समजा, तीन भावंडं. एकाच सराफाकडे तिघांसमोर, खडे वगळून वजन करावं. पाटल्या ३० ग्रॅम, पोहेहार १८, अंगठ्या १२, सोनं एकाच कसाचं. एकूण ६०, म्हणजे प्रत्येकी २०. मोडलं तर घट जाते, शिवाय आईची वस्तूही जाते. म्हणून पाटल्या घेणाऱ्याने जास्तीच्या १० ग्रॅमचे पैसे त्या दिवसाच्या भावाने द्यावेत. हारवाल्याला दोनचे, अंगठीवाल्याला आठचे. कागदावर तिघांच्या सह्या.

आणि जिने आईचं अंथरुणातलं सगळं केलं, तिचं काय? त्या सेवेला भाव कसा लावणार? वाटा सारखाच, पण आधी निवडायचा मान तिचा.

गुरुचरित्राची पोथी मात्र यादीत नको. जो सप्ताह करतो त्याच्याकडे ती राहावी, आणि दत्तजयंतीला बाकीच्यांनी समाप्तीच्या प्रसादाला त्याच्या घरी यावं.