घरच्या माणसाला पगार कसला?

आमच्या बेळगावकडच्या व्यापारी घरांत हा प्रश्न विचारला की एकदम शांतता पसरते. नवरा, सासरे, दीर, मुलगी, सून सगळेच दुकानात राबत असतात आणि पैसा एकाच गल्ल्यात पडतो. ज्याला लागेल त्याने मागावा, मोठ्यांनी द्यावा, अशी रीत असते. त्यात कुणा सुनेने विचारलं, "माझ्या कामाचे किती?" की उत्तर ठरलेलं. "अगं, सगळं तुझंच तर आहे." सगळं जिचं आहे, तिला मुलीच्या क्लासची फी भरायला गल्ल्यातून दोन हजार घेताना "घेऊ का?" असं विचारावं का लागतं, हा माझा प्रश्न. घरात हिशोब मांडला की माया आटते असं मानणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, हिशोब नसलेलं दुकान मी अजून पाहिलेलं नाही. हिशोब असतोच. फक्त तो एकाच्या डोक्यात असतो, वहीत नसतो.

माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मी खतावणी लिहिली आहे. त्यामुळे नात्यातल्या एका घराने आपलं भांडण निस्तरायला मला बोलावलं. भांड्यांचं दुकान, स्टील, तांबं, पितळ. लग्नाच्या रुखवताचे संच, भांड्यांवर नावं घालणं, जुनी भांडी मोडीत घेणं, सगळंच. घर ओळखू येऊ नये म्हणून आकडे बदलून सांगते.

भागीदार तिघं. सासरे आणि दोन मुलगे, समान वाटा. वर्षाचा नफा साधारण 15,00,000, म्हणजे प्रत्येकी पाच लाख. कागदावर किती सोपं! आता दुकानात उभं कोण असतं ते पाहा. थोरला सकाळी शटर उघडतो आणि रात्री बंद करतो, खरेदी त्याची. थोरली सून दुपारी एकला येते. घरात सूर्यास्तापूर्वी जेवायची पद्धत, म्हणून पाचला घरी जाऊन स्वयंपाक आटोपते, साडेसहाला परत येते आणि साडेआठपर्यंत थांबते. बायका गिऱ्हाईक म्हणून येतात त्या तिच्याशी बोलायला, रुखवताच्या ऑर्डरी तीच घेते. तिची मुलगी एम. कॉम. झालेली, बिलं, जीएसटी, माल आल्या-गेल्याची नोंद तिच्याकडे. धाकटा अर्धा दिवस येतो, वसुली पाहतो. त्याची बायको शाळेत शिक्षिका, तिचा दुकानाशी संबंध नाही. सासरे सकाळी एक वाजेपर्यंत गल्ल्यावर.

म्हणजे थोरल्या घरची तीन माणसं राबतात आणि पाच लाख घेतात, धाकट्या घरचा अर्धा माणूस राबतो आणि पाच लाख घेतो. थोरली सून धुसफुसत होती ती यावर. पण धाकट्याचंही ऐकायला हवं होतं. तो म्हणाला, "वहिनी, बँकेच्या कर्जावर माझीही सही आहे. उद्या दुकान बुडालं तर माझंही घर जाईल. शिवाय मी घातलेले आठ लाख सहा वर्षं दुकानातच आहेत." हे खोटं नव्हतं. भागीदारीत फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार पुरता जबाबदार असतो, काम अर्धा दिवस केलं म्हणून देणं अर्धं होत नाही.

दोघंही खरं बोलत होते, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. ती कामाबद्दल बोलत होती, तो मालकीबद्दल. एकाच पाच लाखांत दोन्ही कोंबलेलं, मग कुणाला कशाचे मिळाले हे कळणार कसं? आपला कायदाही इथे आपल्या मदतीला आपोआप धावत नाही. 1932 चा भागीदारी कायदा सांगतो की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदाराला कामाचा मेहनताना मागता येत नाही आणि नफा-तोटा समान वाटायचा. यांच्या करारपत्रात पगाराचं कलमच नव्हतं. कारण ते पत्र झालं तेव्हा सासरे कर्ते होते आणि मुलगे कॉलेजातून नुकते बाहेर पडले होते.

तेव्हा मी आधी नफा बाजूला ठेवायला लावला आणि एकच प्रश्न घेतला. हे माणूस उद्या आजारी पडलं तर त्याच्या जागी कुणाला ठेवाल आणि बेळगावात त्याला किती द्याल? नात्याचा विचार नाही, गरजेचाही नाही. कुणाची मुलं मोठी आणि कुणाला घराचा हप्ता, हे पगारात आणलं की पुन्हा तोच गोंधळ. बरीच घासाघीस होऊन आकडे ठरले. थोरल्याला महिना 30,000, मुलीला 18,000, सुनेला सहा तासांचे 15,000, धाकट्याला 15,000, सासऱ्यांना 10,000. वर्षाचे झाले 10,56,000. मग धाकट्याच्या आठ लाखांवर 9 टक्क्यांनी व्याज, 72,000. एवढं वजा जाता खरा नफा उरला 3,72,000, त्याचे तीन समान वाटे, प्रत्येकी 1,24,000.

थोरल्या घरात आता वर्षाला 8,80,000 येणार, धाकट्याला 3,76,000, सासऱ्यांना 2,44,000. बेरीज तीच पंधरा लाख. धाकट्याचे सव्वा लाखाहून जरा कमी घटले. त्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे मी पूर्ण दिवस आलो तर?" तर पूर्ण दिवसाचा पगार. हे त्याला पटलं, कारण आपलं कमी का झालं हे त्याला पहिल्यांदा दिसत होतं.

यात दोन अडचणी आहेत, त्या सांगायला हव्यात. एक, नफा नऊ लाखांवर आला तर हे पगार निघणारच नाहीत. म्हणून लिहून ठेवलं की बाहेरच्या नोकरांचे पगार आधी, आणि घरच्यांचे कमी करायचे तर सगळ्यांचे एकाच प्रमाणात. सुनेचा थांबवला आणि मुलग्यांचा चालू, असं नाही. दुसरी, प्राप्तिकराची. भागीदारांचा पगार करारपत्रात लिहिलेला असावा लागतो, तोही ठरलेल्या मर्यादेत, आणि नातेवाइकांना दिलेला पगार कामाच्या मानाने वाजवी असावा लागतो. आणि नवऱ्याचा फर्ममध्ये मोठा हिस्सा असेल तर बायकोचा पगार, तिच्याकडे त्या कामाचं खास शिक्षण नसेल तर, कर मोजताना नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. हे ऐकताच सासरे म्हणाले, "मग कर वाचत नाही तर द्यायचा कशाला?" इथे बायकांनी नीट लक्ष द्यावं. कर कुणाच्या नावावर मोजायचा हा सरकारचा हिशोब झाला. पैसे तिच्या खात्यात जातात आणि तिचेच राहतात. कर वाचवण्यासाठीच पगार दाखवायचा आणि चेकबुक नवऱ्याच्या कपाटात ठेवायचं, अशी घरंही मला ठाऊक आहेत. तिथे कागदावर पगार आहे, हातात काही नाही.

पैशाचं दोन बैठकांत मिटलं. हुकुमाचं मिटायला पाच लागल्या.

एखाद्या दुकानात निर्णय कुणाचा हे ओळखायचं असेल तर नोकराकडे पाहावं. सुनेने गिऱ्हाइकाला भाव सांगितला आणि पोऱ्याने माल बांधायच्या आधी गल्ल्याकडे पाहिलं, की समजावं. इथे तसंच होतं. ती रुखवताच्या संचावर पाचशे सोडायची, सासरे गिऱ्हाइकासमोरच म्हणायचे, "एवढं कुठं परवडतं?" थोरल्याने प्रेशर कुकरची ऑर्डर दिली, ती वडिलांनी त्याला न सांगता फोनवर रद्द केली. व्यापाऱ्याला कळेना, कुणाचं ऐकायचं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. काय कुणाचं हे कधी ठरलंच नव्हतं.

कायदा एवढंच सांगतो की वेगळं ठरलेलं नसेल तर रोजच्या बाबतीत भागीदारांचं बहुमत आणि धंद्याचं स्वरूप बदलायचं तर सगळ्यांची संमती. सून आणि मुलगी भागीदारच नाहीत, त्यामुळे त्यांचं तिथे नावही नाही. म्हणून घरचा वेगळा कागद केला. रुखवत आणि भेटवस्तूंचं पूर्ण सुनेकडे, काय मागवायचं, किती सोडायचं, महिन्याला 40,000 च्या खरेदीपर्यंत कुणाला विचारायचं नाही. चुकलं तर महिनाअखेरीला बोलायचं, गिऱ्हाइकासमोर नाही. बाकीची खरेदी थोरल्याची, एका वेळी लाखाच्या वर गेली तर आधी भावाला विचारायचं. कर्ज, जागा, नवी शाखा यांवर तिघांच्या सह्या. पगार मुलगी दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यावर टाकणार, आणि गल्ल्यातून घेतलेली प्रत्येक उचल घेणाऱ्याच्या नावावर लिहिणार, मग ते आजोबा का असेनात.

सासऱ्यांचं काय करायचं, हा सगळ्यांत नाजूक भाग. "म्हणजे मला आता नुसतं बसवून ठेवणार," ते म्हणाले. गल्ल्यावर बसायला देऊन हुकूम काढून घेणं हे मला क्रूर वाटतं, त्यापेक्षा खरं काम द्यावं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या जुन्या गिऱ्हाइकांना उधारी कुणाला द्यायची, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. ते पूर्ण त्यांच्याकडे ठेवलं. फक्त एकूण उधारीला दोन लाखांची मर्यादा, आणि ती मुलांनाही तितकीच लागू.

मुलीबद्दल कुणीतरी बोललंच, "ती काय, उद्या सासरी जाईल." मी म्हटलं, म्हणूनच तिचा पगार महिन्याच्या महिन्याला द्या. जाताना "तुझ्या लग्नात केलंच की" असं सांगून तिची सहा वर्षं मिटवता येणार नाहीत. लग्नाचा खर्च बापाने मुलीसाठी केलेला, पगार दुकानाने कामासाठी दिलेला.

आणि मग सासूबाई. पाचही बैठकांत त्या कोपऱ्यात धान्य निवडत बसलेल्या. शेवटी सुनेने विचारलं, "आत्या, तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "मला आता पगार नको गं. पण दुकान घेतलं तेव्हा माझ्या पाटल्या आणि गोठ मोडले होते. यांनी कुठं लिहिलंय का ते?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. चाळीस वर्षं नोकरांचा डबा त्यांच्या हातचा गेला, त्याचा आकडा आज कुणालाच काढता येणार नाही, आणि मी काढायचा प्रयत्नही केला नाही. पाटल्यांचं मात्र काहीतरी करता येत होतं. सासऱ्यांनी बराच वेळ काही न बोलता चष्मा पुसला. मग मला म्हणाले, "माझ्या वाट्यातला अर्धा हिच्या नावावर घाला. करारपत्र नाहीतरी नव्याने करायचंच आहे." त्यावर सासूबाईंनी सुनेलाच विचारलं, सही मराठीत केली तर चालते का?