खुशाली खरी असावी

वसईच्या गावांतून परदेशी नोकरीस जाणे ही काही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आगबोटीवरील नोकऱ्या जुन्याच. सत्तरच्या दशकात आखातात तेलाचा पैसा आला आणि ही वाट अधिक रुंद झाली. निघण्याच्या आदल्या रात्री घरात जपमाळेची प्रार्थना होते, शेजारीपाजारी जमतात आणि मग पंगत बसते. जेवण आटोपत आले की आई दोन शब्द बोलते. ते बहुधा ठरलेलेच असतात. मिस्सा चुकवू नकोस, वेळेवर जेव, वाईट संगत धरू नकोस.

अशाच एका पंगतीस आम्ही आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. मुलगा इलेक्ट्रिशियन म्हणून कतारला निघाला होता. आईने त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, “बाळा, पैसे कमी आले तरी चालतील. पण बरा नसताना बरा आहे म्हणू नकोस. जे असेल ते खरं कळव.” मुलगा हसला. “कळवीन. पण तूही कळवशील ना?” त्यावर आई काही बोलली नाही. मामांनी विमानाच्या वेळेचा विषय काढला आणि पंगत उठली.

त्या न दिलेल्या उत्तरात एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आहे. प्रेमापोटी आपल्या माणसाशी खोटे बोलावे काय? परदेशी गेलेल्याला आणि घरी राहिलेल्याला हा प्रश्न दर आठवड्याला भेटतो.

पुढे काय घडले ते पाहू. इथे दाखविलेल्या करारात पगार अठराशे रियाल होता. तिथे पोहोचल्यावर दुसऱ्या कागदावर सही घेतली गेली. त्यावर आकडा बाराशेचा होता आणि जेवण स्वखर्चाने. तीनशे रियाल जेवणाखाणाला गेले की नऊशे उरत, म्हणजे सुमारे वीस हजार रुपये. घरी मात्र त्याने महिना तीस हजारांचा शब्द दिलेला होता आणि त्याच भरवशावर वडिलांनी घर वाढविण्यासाठी कर्ज काढण्याचे योजिले होते. मुलाने “सगळं ठीक आहे” असे सांगितले आणि खोलीतील सोबत्यांकडून दरमहा दहा हजार उसने घेऊन रक्कम पुरी केली. वडिलांनी कर्ज काढले. दहा महिन्यांत त्याच्या डोक्यावर लाखाचे ऋण झाले. इकडे आईला मधुमेह. पायाला जखम झाली, चिघळली. व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा दिसे, पाय दिसत नसे. “जरा पाय दुखतो,” एवढेच ती सांगे. बोट कापावे लागले, हे मुलाला शेजाऱ्याकडून कळले.

दोघांपैकी एकानेही स्वार्थासाठी खोटे सांगितले नव्हते. तरी दोघांचेही नुकसान झाले आणि ते कशाने झाले हे नीट समजून घेतले पाहिजे. खरा पगार ठाऊक असता तर वडिलांनी कर्ज काढलेच नसते. जखम ठाऊक असती तर मुलाने वेळीच रजा मागितली असती, निदान उपचारासाठी आग्रह धरला असता. प्रेमाने बोललेले असत्य दुसऱ्याचे दुःख वाचवीत नाही. ते त्याच्या हातून निर्णय काढून घेते.

माता आणि पुत्र यांच्या वियोगातील असत्याची सर्वांत प्रसिद्ध कथा आपल्या एका महान संताचीच आहे. इसवी सन ३८३मध्ये ऑगस्टीन कार्थेजहून रोमला निघाला. आई मोनिका त्याला सोडीना. तेव्हा, वारा अनुकूल होईपर्यंत मित्रासोबत थांबतो, अशी थाप मारून त्याने तिला बंदराजवळच्या संत सिप्रियनच्या स्मृतिमंदिरात रात्र काढावयास लावली आणि रात्रीच जहाज हाकारले. सकाळी ती किनाऱ्यावर रडत राहिली. हे कृत्य त्याने पुढे आपल्या आत्मनिवेदनात स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

या घटनेनंतर सुमारे बारा वर्षांनी त्याच ऑगस्टीनने असत्याविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि कोणत्याही हेतूने बोललेले असत्य रास्त ठरत नाही, असा निष्कर्ष काढला. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी असत्याचे तीन प्रकार मानले: थट्टेचे, कुणाच्या तरी उपयोगासाठी बोललेले आणि अपाय करणारे. दुसऱ्याचे भले व्हावे म्हणून बोललेल्या असत्याचा दोष त्यांनी हलका धरला, परंतु दोष नाही असे म्हटले नाही. १९९२मध्ये प्रसिद्ध झालेली ख्रिस्तसभेची धर्मशिकवण आणखी एक कसोटी देते: असत्याचे गांभीर्य ठरविताना हेतूबरोबरच, ते ज्याला सांगितले त्याची किती हानी झाली हेही पाहावे.

मग आईला प्रत्येक गोष्ट सांगावी काय? मुकादम ओरडला, डाळ करपली, एका रात्री घराच्या आठवणीने झोप लागली नाही, हेही? तसे नाही. आठवी आज्ञा खोटे बोलण्यास मनाई करते. मन उघडे टाकण्याची सक्ती करीत नाही. मौन आणि असत्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. पंगतीत बसलेल्या सर्वांना पगाराचा आकडा कळण्याचे कारण नाही. कुठे मौन चालेल आणि कुठे ते असत्य होईल, हे ओळखण्याची एक साधी खूण आम्हांला दिसते. ही गोष्ट समजली तर समोरचा माणूस काही वेगळे करील काय, असे स्वतःस विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल तर गप्प राहणे ही दया असू शकते. ‘होय’ असेल तर ते त्याला कळलेच पाहिजे. करपलेली डाळ पहिल्या प्रकारची. बदललेला करार आणि चिघळलेली जखम दुसऱ्या प्रकारची.

त्या मातेने पुत्राकडे मागितले ते योग्यच होते. परंतु तेच वचन पुत्राने तिच्याकडे मागितले तेव्हा ती गप्प राहिली. माता-पित्यांचा मान राखण्याची चौथी आज्ञा मुलास आहे. पण सत्य हे केवळ मुलाने भरावयाचे देणे नव्हे. आई आपले आजारपण लपविते, तेव्हा ‘आपणही तसेच करावे’ हा धडा ती मुलाला न बोलता देते. निरोपाच्या जेवणात मागितलेले वचन दोन्ही बाजूंनी दिले गेले नाही, तर ते अर्धेच राहते.

मोनिकेचे अखेरचे शब्द या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. फसविणाऱ्या पुत्रामागे ती समुद्र ओलांडून मिलानला गेली. ३८७च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी, परतीच्या वाटेवर, ऑस्तिया बंदरात वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ती आजारी पडली. आपण आता जाणार, हे तिने मुलांपासून लपविले नाही. पूर्वी तिला पतीशेजारी मायदेशीच पुरले जावे अशी फार आस होती. दुसरा मुलगा तेच बोलू लागला तेव्हा तिने त्याला थांबविले. शरीर कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मागितले. एका बंदरावर पुत्र तिच्याशी खोटे बोलून निघून गेला होता. दुसऱ्या बंदरावर तिने त्याचा निरोप घेतला तो खरे सांगून.