तारखेपासून मागे मोजताना

पहिल्यांदाच रक्तदान शिबिर भरवणारं मंडळ बहुतेक वेळा तारीख ठरवतं आणि लगेच फ्लेक्स छापायला टाकतं. त्याऐवजी शिबिराच्या दिवसापासून बारा आठवडे मागे मोजत यावं. हा हिशेब कागदावर मांडला की पहिल्याच ओळीला अडचण दिसते.

समजा, तारीख १० मे ठरली. बारा आठवडे मागे गेलं की १५ फेब्रुवारी येते, आणि चारच दिवसांनी शिवजयंती. त्या दिवशी गावोगावी शिबिरं होतात. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये ९० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, स्त्रीला १२० दिवसांचं. म्हणजे १९ फेब्रुवारीला रक्त दिलेला तरुण १० मेला अपात्रच. तोच उत्साही कार्यकर्ता रांगेत पुढे उभा राहील आणि त्याला परत पाठवावं लागेल. शिबिर २४ मेला नेलं, तर निदान ही पुरुष मंडळी तरी मोकळी होतात. मे महिन्यात सुट्ट्यांमुळे दाते गावाला गेलेले असतात आणि रक्ताचा तुटवडा असतो, म्हणून ही तारीख रुग्णाच्याही सोयीची. रक्तपेढीला पत्र द्यायचं ते या हिशेबानंतर, बाराव्या आठवड्यातच.

पत्र देताना तिला खाटा किती आणणार हेही विचारावं. चार खाटा असतील आणि एका दात्याला विश्रांतीसह वीस मिनिटं धरली, तर तासाला बारा जण होतात आणि नऊ ते एकमध्ये अठ्ठेचाळीस. दोनशेंचा संकल्प फ्लेक्सवर लिहायला छान, पण उन्हात ताटकळलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नावं घेताना प्रत्येकाला वेळही द्यावी.

मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो आठवा आठवडा. साधारण तेव्हा एखादा देणगीदार येतो आणि प्रत्येक दात्याला हेल्मेट किंवा बॅग द्यायची तयारी दाखवतो. त्याला नाही म्हणायचं हे त्याआधीच वहीत लिहून ठेवलेलं असावं, कारण समोर चेक असताना तत्त्व सुचत नाही. भेटवस्तूसाठी आलेला माणूस नुकताच येऊन गेलेला ताप, चालू असलेली गोळी किंवा गेल्या महिन्यातली कावीळ लपवू शकतो. तपासणी होतेच, पण नुकता झालेला संसर्ग तिच्यातून निसटू शकतो. म्हणून तपासणीइतकाच दात्याचा खरेपणाही रुग्णाच्या कामी येतो. प्रमाणपत्र, चहा आणि केळं एवढं पुरे.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला फोन करावा: रात्री नीट झोपा, सकाळी खाऊन या, उपास असेल तर त्या दिवशी येऊ नका. हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी निघालेल्यांना, त्यात बऱ्याच बाया असतात, डॉक्टरांनी बाजूला बसवून कारण सांगावं, त्यासाठी आडोशाला दोन खुर्च्या ठेवाव्यात, आणि चहा त्यांनाही द्यावा.