पेशावरची गाडी आणि रिकामी खुर्ची

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत एक खानसाहेब भेटतात. पुण्याहून मुंबईला निघालेल्या जिजामाता एक्स्प्रेसमध्ये ते प्रा. गंगाधरपंत गायतोंडे यांच्या समोर बसलेले आहेत आणि त्यांना पेशावरला जायचे आहे. कसे जाणार, तर मुंबईहून रात्री फ्रंटियर मेल पकडायची, दिल्ली गाठायची, पुढे लाहोर, मग पेशावर. परवा पोहोचू, म्हणतात. मार्गाविषयीचे बोलणे तेवढेच. त्यावर कथेचा निवेदक अक्षरही बोलत नाही. फाळणी झालीच नाही असे विधान कुठे नाही, त्याबद्दल हळहळ किंवा अभिमानही नाही. एका प्रवाशाने दुसऱ्याला गाड्यांचा मार्ग सांगितला आणि उपखंडाचा नकाशा बदलून गेला.

(या कथेची इंग्रजी आवृत्ती अकरावीच्या एन.सी.ई.आर.टी.च्या पाठ्यपुस्तकात आहे. तपशिलांसाठी मी तिलाच धरून चाललो आहे.)

कथेची कल्पना सोपी आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली, ते पडले आणि मराठ्यांच्या फौजेचा धीर सुटला. या दुसऱ्या जगात तीच गोळी त्यांच्या कानाजवळून निघून जाते. मराठे जिंकतात. ट्रकची धडक बसून गायतोंडे त्या जगात दोन दिवस वावरून परततात, तेव्हा त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान असते आणि त्यावर हा हुकलेल्या गोळीचा वृत्तांत छापलेला असतो. मित्र राजेंद्र देशपांडे पुंजभौतिकीच्या आधाराने त्याचा उलगडा करतो. तो उलगडा मला कथेतला सर्वांत पातळ भाग वाटतो. कथा वाचून झाल्यावर मनात राहतात ती स्टेशने.

अशा कथेत लेखक इतिहासातली एकच गोष्ट हलवतो. डार्को सुविन या समीक्षकाने विज्ञानकथेची व्याख्या करताना याच नव्या घटकाला केंद्रस्थान दिले: एक नवी गोष्ट आणायची आणि तिच्यामुळे बाकीचे जग तर्काने कसे बदलेल ते दाखवायचे. हे मान्यच आहे. पण वाचक म्हणून माझी नजर वेगळीकडे जाते. लेखकाने बदलले काय, यापेक्षा बदलायचे सोडून जसेच्या तसे ठेवले काय, हे पाहावे. कारण बदल तो जाणीवपूर्वक करतो, तर न बदललेल्या गोष्टी त्याला इतक्या स्वाभाविक वाटलेल्या असतात की त्यांच्याकडे त्याचे लक्षही जात नाही. त्याच्या काळाची खरी साक्ष तिथे मिळते.

खानसाहेबांच्या गाडीकडेच पाहा. वाघ्याची सीमा गेली, पण सीमा नावाची गोष्ट गेलेली नाही. घाट उतरून गाडी मुंबईच्या दिशेने निघते तेव्हा ‘सरहद’ नावाच्या एका लहान स्टेशनावर थांबते आणि गणवेशातला अँग्लो-इंडियन माणूस डब्यातून परवाने तपासत जातो. तिथून ब्रिटिशांची हद्द सुरू. पुढे उपनगरी गाड्यांवर युनियन जॅक दिसतो, मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य कार्यालय डौलात उभे असते. कंपनी तर १८५७ नंतर संपली, हे ठाऊक असलेले गायतोंडे चक्रावतात. टाउन हॉलच्या ग्रंथालयात त्यांना उत्तर मिळते: भारताने व्यापारी सोयीसाठी मुंबई इंग्रजांना भाडेपट्ट्याने राहू दिली आहे आणि १९०८ च्या तहानुसार तो पट्टा २००१ मध्ये संपणार आहे.

१०६ हुतात्म्यांनंतर १९६० मध्ये मुंबईसह महाराष्ट्र मिळवलेल्या मराठी वाचकापुढे हे ठेवणे साधे नाही. पानिपत जिंकूनही मुंबई आपली नाही! फरक इतकाच की ती हिसकावली गेलेली नाही, आपण होऊन भाड्याने दिलेली आहे. देणारा मालक आणि घेणारा भाडेकरू, हे नाते कथेला महत्त्वाचे वाटते.

त्याच ग्रंथालयातला दुसरा तपशील मला कथेचा कणा वाटतो. विजयी पेशवे दिल्लीला नामधारी मोगल बादशाह ठेवतात, एकोणिसाव्या शतकात युरोपातले यंत्रयुग ओळखतात आणि स्वतःची विज्ञान-तंत्रज्ञान केंद्रे उभारतात. कंपनी तज्ज्ञ आणि मदत देऊ करते. पेशवे ती घेतात, पण केंद्रे स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंतच. हे एकोणिसाव्या शतकाविषयीचे लेखन म्हणून वाचले तर भाबडे वाटेल. पण केंब्रिज सोडून १९७२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या खगोलशास्त्रज्ञाने ते लिहिले आहे हे लक्षात घेतले, की ते कुठल्या काळाविषयी आहे ते कळते. परकी मदत किती घ्यायची, तज्ज्ञ आणायचे की घडवायचे, हा प्रश्न त्या पिढीच्या संशोधकांच्या रोजच्या कामातला होता. नारळीकरांनी आपल्या काळाचे उत्तर पेशव्यांच्या तोंडी घातले.

आणि मग ती खुर्ची. गायतोंडे ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषवलेले गृहस्थ. आझाद मैदानावर त्यांना एक व्याख्यान चाललेले दिसते आणि व्यासपीठावरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी! राहवत नाही, ते जाऊन बसतात. श्रोते ओरडतात की अध्यक्षांची लांबलचक भाषणे आम्ही कधीच बंद केली, खुर्ची नुसती प्रतीकापुरती आहे. हे ऐकत नाहीत, बोलतच राहतात, आणि अखेर लोक टोमॅटो-अंडी फेकून त्यांना खाली ओढतात. व्याख्यानमालांच्या मराठी संस्कृतीवर याहून खट्याळ टीका मी वाचलेली नाही. लोकशाही रुजलेल्या समाजाची नारळीकरांची खूण निवडणूक नव्हे, तर ही रिकामी खुर्ची आहे.

आता न बदललेल्या गोष्टींकडे. या जगात विसाव्या शतकात पेशवे मागे पडतात, निवडून आलेली मंडळे राज्य चालवू लागतात आणि देश स्वाभिमानाने उभा राहतो. पण ही लोकशाही कुणी मागितली? आपल्या इतिहासात जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. डॉ. आंबेडकरांचे वडील ब्रिटिश सैन्यात सुभेदार होते. १८१८ मध्ये न पडलेल्या पेशवाईत यांचे काय झाले असते, हे कथा विचारत नाही. गायतोंडे गाडीत, ग्रंथालयात आणि सभेत वावरतात. ज्याला ग्रंथालयात प्रवेश मिळाला असता की नाही हेच ठाऊक नाही, असा कुणी त्यांना वाटेत भेटत नाही.

छोट्या कथेने सारे सांगावे ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि हे मी उणीव काढण्यासाठी लिहीत नाही. स्वाभिमान म्हणजे परकीयांपासून मुक्ती, हा अर्थ त्या काळच्या सुशिक्षित मराठी माणसाला पुरेसा वाटत होता. नारळीकरांचे जग त्या अर्थावर उभे आहे आणि त्याच्या मर्यादेशी थांबते. पानिपताऐवजी १ जानेवारी १८१८ चे कोरेगाव बदलून कुणी मराठीत असेच जग रचले, तर त्यातला गायतोंडे प्राध्यापक असेलच असे नाही, आणि गाडीत त्याच्यासमोर कोण बसेल हे लेखकाला आधी ठरवावे लागेल.