पायरी चढताना

एक किलोओहमचा रेझिस्टर घ्या आणि त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा. बस्स, एवढंच सर्किट. आज यात भर घालायची नाही आणि काही सुधारायचंही नाही. एका बाजूने शून्यावरून एक व्होल्टवर उडी घेणारी पायरी द्यायची आणि दुसऱ्या बाजूला काय होतं ते सावकाश बघायचं.

स्कोप अजून चालू करू नका. आधी मनातच बघा. उडी झाली आहे. इनपुट एक व्होल्टवर उभा आहे. आउटपुट मात्र अजून शून्यावरच आहे, कारण कपॅसिटरमध्ये अद्याप काही साठलेलं नाही. या क्षणावर थोडं थांबा. पूर्ण एक व्होल्ट रेझिस्टरवर पडला आहे, म्हणजे त्यातून एक मिलिअँपिअर वाहतो आहे, आणि तो सगळा कपॅसिटरमध्ये जातो आहे. एवढ्या करंटने १०० पिकोफॅरड भरायला लागले, तर व्होल्टेज १०० नॅनोसेकंदांत एक व्होल्ट चढेल. हा करंट तसाच टिकला असता, तर आउटपुट सरळ रेषेत १०० नॅनोसेकंदांत वर पोचला असता. या १०० नॅनोसेकंदांनाच टाइम कॉन्स्टंट म्हणतात, R गुणिले C.

पण करंट टिकत नाही. आउटपुट जसा वर येतो, तसा रेझिस्टरच्या दोन टोकांमधला फरक कमी होतो. आउटपुट अर्ध्या व्होल्टवर आला की करंटही अर्धा झालेला असतो. चढण्याचा वेग नेहमी उरलेल्या अंतराच्या प्रमाणात राहतो. म्हणून पहिल्या १०० नॅनोसेकंदांत ६३ टक्केच चढ होतो आणि ३७ टक्के उरतो. पुढच्या १०० मध्ये त्या उरलेल्याचे पुन्हा ३७ टक्के उरतात, म्हणजे साधारण १४. मग ५. हे अंतर आटत जातं, पण हिशेबाने कधीच पूर्ण संपत नाही.

मग ‘चढायला किती वेळ लागला?’ या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? शेवट नाही, तर शेवटापर्यंतचा वेळही नाही. सुरुवातीचीही अडचण आहे: स्कोपवर नेमकी सुरुवात नॉइजच्या जाड पट्टीत बुडालेली असते. म्हणून खालचे दहा टक्के आणि वरचे दहा टक्के सोडून द्यायचे, आणि १० पासून ९० पर्यंत मोजायचं. राइज टाइम म्हणजे एवढंच. १० टक्क्यांवर असताना ९० टक्के अंतर उरलेलं असतं, ९० वर असताना १०. म्हणजे या काळात उरलेलं अंतर बरोबर नऊ पटींनी आटलं. नऊचा नैसर्गिक लॉगरिदम २.१९७. आपल्या सर्किटला म्हणून लागतील २२० नॅनोसेकंद.

आता तेच सर्किट दुसऱ्या अंगाने बघा. पायरी काढून टाका, साइन वेव्ह द्या आणि फ्रीक्वेन्सी हळूहळू वाढवा. एका ठिकाणी कपॅसिटरचा रिअॅक्टन्स रेझिस्टरएवढाच होतो आणि आउटपुट ७०.७ टक्क्यांवर येतो. तीच कट-ऑफ फ्रीक्वेन्सी, म्हणजे या सर्किटची बँडविड्थ: १ भागिले 2πRC. आपल्या आकड्यांनी १.५९ मेगाहर्ट्झ. या फ्रीक्वेन्सीच्या एका आवर्तनाला ६२८ नॅनोसेकंद लागतात. त्याशेजारी आपले २२० नॅनोसेकंद ठेवा. पायरीचा चढ कट-ऑफच्या एका आवर्तनाचा ३५ टक्के भाग व्यापतो. रेझिस्टर बदला, कपॅसिटर बदला, दोन्ही कालावधी एकत्रच ताणले किंवा आखडले जातील, पण हे ३५ टक्के हलणार नाहीत. बहुतेक विद्यार्थी हे सूत्र पाठ करतात आणि ०.३५ कुठून आला हे विचारायचं राहून जातं:

```
tr = 2.2 RC
fc = 0.35 / tr
```

मात्र हे प्रमाण एकाच पोलच्या उताराचं आहे. ज्या डिजिटल स्कोपची बँडविड्थ शेवटाला एकदम कड्यासारखी कोसळते, तिथे ०.४ ते ०.४५ धरावं लागतं. ०.३५ जिथे तिथे चालवायची सवय चांगली नाही.

आता स्कोप चालू करा. फंक्शन जनरेटरवर १०० किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह लावा, म्हणजे अर्धं आवर्तन पाच मायक्रोसेकंदांचं. आउटपुटला सपाट व्हायला पुष्कळ वेळ मिळेल. बऱ्याच स्कोपच्या पडद्यावर शून्य आणि शंभर टक्क्यांच्या तुटक रेषा पाच घरांच्या अंतरावर आखलेल्या असतात. व्होल्ट्स-पर-डिव्हिजनची बारीक नॉब फिरवून तळ एका रेषेवर आणि माथा दुसऱ्या रेषेवर बसवा. मग टाइम बेस जलद करून तो एकच चढ पडद्याभर पसरा. तळापासून अर्धं घर वर १० टक्के, माथ्यापासून अर्धं घर खाली ९० टक्के. दोन कर्सर तिथे टेकवा.

माथा सपाट झाला आहे ना, याची खात्री करण्यात कंजुषी नको. फ्रीक्वेन्सी इतकी वाढवली की अर्ध्या आवर्तनात दोनच टाइम कॉन्स्टंट बसतात, तर आउटपुट १२ आणि ८८ टक्क्यांच्या मधेच झुलत राहतो. स्कोपला खरा माथा माहीत नसतो. जो दिसतो त्यालाच तो शंभर टक्के समजतो आणि २.२ च्या जागी १.४ टाइम कॉन्स्टंटचा राइज टाइम दाखवतो. पडद्यावर आकडा ठामपणे झळकतो, आणि सर्किट आहे त्यापेक्षा जलद वाटतं.

१० पट प्रोब लावून कर्सर वाचला. अपेक्षा २२० ची. आकडा आला साधारण २६५ नॅनोसेकंद.

इथे बरेच जण लगेच स्कोपवर संशय घेतात. तोही तपासू. स्कोप ५० मेगाहर्ट्झचा असेल, तर त्याचा स्वतःचा राइज टाइम सात नॅनोसेकंद. जनरेटरची कड समजा २० नॅनोसेकंदांची. एकामागून एक येणारे असे टप्पे सरळ बेरजेने वाढत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून मूळ काढायचं. डब्ल्यू. सी. एल्मोर यांनी १९४८ च्या निबंधात राइज टाइमची व्याख्याच अशी केली की ती बेरीज तंतोतंत जुळते. १०–९० च्या मापाला ती जवळपास लागू पडते. २२० च्या वर्गात २० चा आणि ७ चा वर्ग मिळवा, आणि मूळ काढा. २२१. म्हणजे दोघांनी मिळून एक नॅनोसेकंद लावला. चव्वेचाळीस अजून उरलेच.

स्कोप आणि जनरेटरची कड हे बघणारे आहेत. ते पायरी थोडी पुसट करून दाखवतात, पण सर्किटला हात लावत नाहीत, म्हणूनच वर्गांच्या बेरजेत विरून जातात. प्रोबचं तसं नाही. त्याच्या टोकाचे सुमारे १५ पिकोफॅरड आपल्या १०० ला समांतर बसले. कपॅसिटर आता ११५ चा झाला. जनरेटरचे आतले ५० ओहम आपल्या किलोओहमच्या मालिकेत बसले; रेझिस्टर १०५० चा झाला. दोघांचा गुणाकार १२१ नॅनोसेकंद, आणि २.२ ने गुणलं की २६५. इथे वर्गांची बेरीज चालत नाही. मोजमाप बिघडलेलं नाही. सर्किटच बदललं आहे, आणि बदललेल्या सर्किटचं मोजमाप अगदी बरोबर आहे. बँडविड्थही तेवढीच खाली आली: ०.३५ भागिले २६५ नॅनोसेकंद, म्हणजे १.३२ मेगाहर्ट्झ. प्रोबची कळ एक पटीवर सरकवलीत, तर केबलसकट शंभरेक पिकोफॅरड लटकतील, राइज टाइम ४६० च्या आसपास जाईल आणि आकडा मूळ सर्किटचा नाही असं पडद्यावर कुठेही लिहिलेलं नसेल.

म्हणून आकड्यावरून नजर काढा आणि आकाराकडे न्या. एका पोलच्या चढाला ठरलेली चाल असते. १० टक्क्यांपासून ५० पर्यंत ०.५९ टाइम कॉन्स्टंट लागतात, ५० पासून ९० पर्यंत १.६१. वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा पावणेतीन पट सावकाश. आपल्या २६५ चे असे भाग पडले पाहिजेत: खाली ७१, वर १९४. कर्सर मधल्या रेषेवर आणून हे दोन्ही वेगळे मोजा. जुळले, तर समोर खरोखर एकच RC आहे, मग त्यात प्रोब मिसळलेला असो वा नसो. दोन्ही भाग सारखे निघायला लागले आणि तळाचा टोकदार कोपरा गोलावला, तर तुम्ही सर्किटकडे नाही, जनरेटरच्या किंवा स्कोपच्या कडेकडे बघत आहात. आणि माथ्यावर छोटं कुबड किंवा घसरण दिसली, तर आधी प्रोबचा ट्रिमर स्कोपच्या कॅलिब्रेशन टोकावर जुळवून घ्या. तो बिघडलेला असेल, तर शंभर टक्क्यांची रेषाच हलते आणि पुढचं सगळं वाया जातं.

प्रोब न लावलेलं सर्किट मग दिसणार कसं? तसं ते कधीच दिसणार नाही, पण हिशेबात सापडतं. राइज टाइम कपॅसिटन्सच्या सरळ प्रमाणात वाढतो, ही इथली सोय आहे. त्याच जातीचा, तसाच जुळवलेला दुसरा १० पट प्रोब त्याच बिंदूवर लावा, त्याचं दुसरं टोक स्कोपच्या दुसऱ्या चॅनेलला. पहिल्या प्रोबने पुन्हा मोजा. आता १३० पिकोफॅरड झाले, आकडा ३०० च्या जवळ येईल. एका प्रोबने ३५ नॅनोसेकंद लावले. पहिल्या २६५ मधून तेवढेच वजा करा. २३० उरतील, बँडविड्थ १.५२ मेगाहर्ट्झ. मूळच्या २२० पेक्षा हे जास्त आहेत ते जनरेटरच्या ५० ओहममुळे, आणि ते वजा करायचे की ठेवायचे हे खऱ्या वापरात पुढून कोण पायरी देणार आहे त्यावर अवलंबून आहे. कपॅसिटरच्या पाच-दहा टक्के टॉलरन्सला यात जागा द्यायलाच हवी; ब्रेडबोर्ड असेल, तर शेजारच्या पट्ट्यांमधल्या दोन-चार पिकोफॅरडलाही.

वहीत राइज टाइम उतरवताना त्याच ओळीत प्रोब किती पट होता आणि जनरेटर किती ओहमचा होता तेही लिहा.