गुरुजींचा ‘मी’ आणि माझा

गुरुजींनी १९८१ साली फुलस्केप वहीत ‘आपला जिल्हा’ नावाचा एक लांब लेख लिहिला होता. ते वारले १९८८ मध्ये. वही भाच्याकडे राहिली, तिच्या मधल्या पानांना वाळवी लागली. अलीकडे गावच्या वाचनालयाला ती छापावीशी वाटली, तेव्हा भाच्याने ती टाईप केली आणि जिथे पाने गेली होती तिथे स्वतः परिच्छेद लिहून घातले. एकूण ३८ परिच्छेद. वाचनालयाच्या कार्यवाहांनी त्यातले सहा पिवळे करून मला पाठवले आणि सांगितले, “एवढेच नव्याने लिहा. बाकी गुरुजींचं आहे, त्याला हात लावू नका. पण सांधा दिसता कामा नये.”

ही तीन वाक्ये ऐकायला साधी आहेत. पहिली दोन पाळणे म्हणजे शिस्तीचा भाग आहे. तिसऱ्या वाक्यावर आमचे जवळजवळ भांडण झाले, पण त्याकडे नंतर येतो.

आधी काम कसे असते ते सांगतो, कारण बहुतेकांना वाटते की खुणा केलेला परिच्छेद वाचायचा आणि तोच नीट लिहून काढायचा. तसे केले की परिच्छेद सुधारतो आणि सांधा आणखी ठळक होतो. पिवळा परिच्छेद शेवटी वाचायचा. आधी त्याच्या वरचा आणि खालचा, दोन्ही न बदलता येणारे परिच्छेद वाचायचे. ते दोन काठ आहेत. तुम्हाला बांधायचा आहे तो मधला पूल, आणि त्याची लांबी, उंची, सगळे काठच ठरवतात.

अकरावा परिच्छेद गुरुजींचा होता: “आपल्या जिल्ह्यात तीन किल्ले मोठे. नळदुर्ग, परंडा आणि औसा. नळदुर्गला जायचे तर पावसाळ्यात जावे. बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटातच महाल केला आहे. पाणी डोक्यावरून जाते आणि माणूस आत कोरडा राहतो.”

बारावा भाच्याचा, पिवळा: “धाराशिव जिल्ह्यातील किल्ल्यांना समृद्ध ऐतिहासिक वारसा लाभला आहे. नळदुर्ग हा एक भव्यदिव्य किल्ला असून तो पर्यटकांचे आकर्षण ठरत आहे. परंडा किल्ला देखील प्रसिद्ध असून येथील मलिक-ए-मैदान तोफ विजापूर येथे नेण्यात आली होती. असे हे किल्ले प्रत्येकाने एकदा तरी पाहावेत.”

आणि तेरावा पुन्हा गुरुजींचा. तो असा सुरू होतो: “ती नेली तेव्हा किती बैल लागले असतील याचा विचार मी पुष्कळदा केला.”

आता तेराव्यातल्या ‘ती’वर बोट ठेवा. ‘ती’ म्हणजे कोण? मराठीत हे बरे आहे की सर्वनाम लिंग सांगते. किल्ला पुल्लिंगी, धरण नपुंसकलिंगी, तोफ स्त्रीलिंगी. म्हणजे वाळवीने खाल्लेले गुरुजींचे पान तोफेवरच संपले असणार. भाच्याला तोफ सापडली होती, पण त्याने तिच्यानंतर किल्ले पाहण्याचे आवाहन घातले आणि ‘ती’ लोंबकळत राहिली. वाचणारा तिथे अडखळतो. आपण का अडखळलो हे त्याला कळत नाही, त्याला एवढेच वाटते की इथे कुणीतरी दुसरा माणूस बोलला.

दुसरी अडचण ‘तीन’ या शब्दाची. १९८१ मध्ये औसा आपल्याच जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ साली, आणि औसा तिकडे गेला. तिसरी अडचण नावाची. गुरुजी सगळीकडे ‘उस्मानाबाद’ लिहितात. जिल्ह्याचे नाव सरकारी कागदावर धाराशिव झाले ते २०२३ मध्ये. अकराव्यात १९८१ चा जिल्हा आहे, बाराव्यात आजचा, आणि दोन्ही एकाच पानावर.

चौथी गोष्ट कानाची. गुरुजींची वाक्ये बहुतेक चार ते नऊ शब्दांची. क्रियापद बऱ्याचदा गाळलेले. ‘असून’, ‘देखील’, ‘येथील’ हे शब्द त्यांच्या वहीत शोधूनही सापडले नाहीत, आणि विशेषण त्यांना फारसे लागतच नाही. भाच्याच्या चार वाक्यांत ‘समृद्ध’, ‘ऐतिहासिक’, ‘भव्यदिव्य’, ‘प्रसिद्ध’. ही भाषा भाच्याची स्वतःचीही नाही. तो फोनवर बोलतो तेव्हा असा बोलत नाही. लिहायला बसल्यावर आपल्याला ही माहितीपत्रकाची मराठी कुठून सुचते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मी बारावा असा लिहिला: “दुसरा किल्ला परंड्याचा. हा सपाटीवर आहे, म्हणून भोवती खंदक. बुरुजांवर तोफा आहेत. पण सगळ्यांत मोठी तोफ आता इथे नाही. मलिक-ए-मैदान तिचे नाव. विजापूरकरांनी १६३२ साली ती इथून नेली.”

पहिले वाक्य अकराव्यातल्या मोजणीला धरून सुरू होते, शेवटचे तेराव्यातल्या ‘ती’च्या हातात हात देते. नळदुर्ग काढून टाकला, कारण गुरुजींनी तो आधीच सांगितला होता. जिल्ह्याचे नाव मी घेतलेच नाही. ‘तीन’ तसेच राहिले, कारण अकरावा पिवळा नव्हता. वाचकासाठी खाली एका ओळीची टीप दिली की औसा आज लातूर जिल्ह्यात आहे. बाकीच्या पाचांपैकी चारांचेही असेच झाले.

काम झाल्यावर दोन तपासण्या. एक यंत्राची: जुना आणि नवा मजकूर गुगल डॉक्समध्ये `Compare documents` ला दिला. फरक सहा परिच्छेदांतच दिसला पाहिजे. हात चुकून दुसरीकडे गेलेला असतो, एखादी वेलांटी ‘सुधारलेली’ असते, आणि गुरुजींची ती वेलांटीही त्यांचीच असते. दुसरी तपासणी माणसाची: खुणा न सांगता दहावीच्या एका मुलीला सगळा लेख मोठ्याने वाचायला लावला आणि जिथे आवाज बदलल्यासारखा वाटेल तिथे पेन्सिलीने टिंब काढ म्हटले. तिने चार टिंबे काढली. त्यातली दोन गुरुजींच्याच दोन परिच्छेदांच्या मध्ये होती. बहुधा एक त्यांनी सकाळी लिहिला असेल आणि दुसरा आठ दिवसांनी. एका माणसाच्या लिखाणातही सांधे असतात. म्हणूनच नवे परिच्छेद फार गुळगुळीत केले की तेच उघडे पडतात.

तिसरे टिंब योग्य होते, मी तो परिच्छेद बदलला. चौथे टिंब एकतिसाव्यावर होते. आमचे भांडण त्याच्यावरून झाले.

एकतिसावा परिच्छेद भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटे कमी, आदल्या दिवशी गणपती विसर्जन. किल्लारीचे नाव सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्या जिल्ह्यातले सास्तूरही कोसळले होते, आणि भाचा त्या वेळी तिकडेच नातेवाइकांकडे होता. त्याने लिहिले होते, “मी बाहेर आलो तेव्हा धुळीमुळे समोरचे घर दिसत नव्हते. उजाडल्यावर कळले की समोर घरच नव्हते.” सगळ्या सहांत हाच परिच्छेद चांगला होता. पिवळा का केला, तर गुरुजींचा सबंध लेख ‘मी’ने लिहिलेला आहे, भाच्याचाही ‘मी’ आहे, आणि वाचकाला वाटेल दोन माणसे बोलतात. कार्यवाहांची सूचना होती की भाषा गुरुजींची करा, म्हणजे ‘मी’ एकच वाटेल.

मी म्हणालो, गुरुजी १९८८ ला गेले.

“ते मुखपृष्ठाच्या मागे लिहिलेलं असतंय. कोण बघतंय?” कार्यवाह म्हणाले. मग त्यांनी जे सांगितले ते सहज झटकून टाकण्यासारखे नव्हते. हे पुस्तक शाळेतली मुले वाचणार. मुलांना गावचे एक सलग बोलणे हवे. गुरुजी असते तर त्यांनी भूकंपावर लिहिलेच असते. आणि परंड्याचा परिच्छेद मी गुरुजींच्या आवाजात लिहिलाच होता की, मग हा का नाही?

हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. माझ्या मते फरक असा: परंड्याची तोफ १६३२ साली गेली हे गुरुजींनी सांगितले काय, मी सांगितले काय, खरे-खोटे कुणालाही तपासता येते. तिथे आवाज हा फक्त कपडा आहे. पण धूळ दिसली, घर दिसले नाही, हे सांगणाऱ्याच्या डोळ्यांवरच टिकते. तिथला ‘मी’ बदलला की साक्षीदार बदलला. गुरुजींना त्या पहाटे सास्तूरला उभे करायचे, तर भाच्याला तिथून उठवावे लागते.

इमारतींच्या बाबतीत या पेचावर नियमच आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे की जुन्या वास्तूत नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण मूळ भागाहून वेगळा ओळखूही यावा. दोन्ही एकाच वेळी. तेरला त्रिविक्रमाच्या देवळात जाऊन बघा: मागे विटांचा, पाठीमागून गोलाकार असलेला चैत्यासारखा गाभारा, पुढे सपाट छताचा मंडप. ते मुळात बौद्ध चैत्य होते असे हेन्री कझिन्सने मांडले. सगळे अभ्यासक ते मानत नाहीत. पण हा वाद करता येतो तो सांधा दिसतो म्हणूनच. कुणी सगळे एकसारखे गिलावा मारून ठेवले असते तर वादालाही जागा उरली नसती. उलट बाजूला एकनाथ महाराज. त्यांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, पण काय काढले आणि काय बदलले याची यादी मागे ठेवली नाही. आपण नाथांवर विश्वास ठेवतो, ते नाथ आहेत म्हणून. मी नाथ नाही, वाचनालयही नाही.

भाच्याला विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “मामांच्या पुस्तकात माझं नाव नको होतं मला. पण ते घर मी बघितलंय.”

शेवटी एकतिसावा गुरुजींच्या लांबीच्या वाक्यांत आला, ‘असून’ गेले, शुद्धलेखन वहीसारखे झाले, आणि सुरुवातीला सात शब्द वाढले: “गुरुजींच्या मागे, १९९३ साली, मी सास्तूरला होतो.” परंड्याच्या परिच्छेदासह बाकीच्या पाचांना शेवटच्या पानावर एक ओळ मिळाली, कोणते परिच्छेद नंतर लिहिले त्यांचे क्रमांक देणारी. कार्यवाहांना ती ओळ अजून नको आहे. प्रूफ त्यांच्या टेबलावर आहे, आणि मी दर दोन दिवसांनी फोन करून ती ओळ आहे ना, एवढेच विचारतो.